किकऑफची मिनिट्स क्लायंटला पाठवताना: दुरुस्तीची तारीख कशी घालायची, आणि उत्तर आलंच नाही तर

प्रश्न: पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. भोसरीत नट-बोल्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टॉक आणि बिलिंगची सिस्टीम बसवायचं काम आम्हाला मिळालंय. काल, मंगळवारी ७ जुलैला, किकऑफ झाली. त्यांच्याकडून मालक, अकाउंट्सच्या मॅडम आणि स्टोअरचे काका होते. आमचे सर म्हणाले, मिनिट्स पाठव आणि तारीख घालून करेक्शन मागव. मेल मराठीतच पाठवायचाय. कसा लिहू? आणि उत्तर आलं नाही तर सगळं मान्य आहे असं धरायचं का?

उत्तर:

मेल आजच संध्याकाळच्या आत जाऊ द्या. उद्या गुरुवार आहे. भोसरी-पिंपरीकडच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे उद्या पाठवलेला मेल शुक्रवारी सकाळच्या ढिगाऱ्यात उघडेल. रविवारी त्यांचं कामकाज चालू असतं आणि तुमचं बंद. म्हणजे त्यांच्या हातात शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार असे चार दिवस येतात. दुरुस्तीसाठी सोमवार, १३ जुलै, संध्याकाळी ५ ही वेळ द्या. रविवारी त्यांच्याकडून आलेला मेल तुमच्याकडे कोण बघणार, तेही आजच ठरवून ठेवा.

सोमवारच का, तर मंगळवारी १४ तारखेला तुम्हाला आयटमच्या यादीचा कोरा साचा तयार करून स्टोअरला द्यायचा असेल. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘तीन दिवसांत कळवा’ असं लिहिलं की वाचणारा ते औपचारिकता म्हणून सोडून देतो, कारण तीन दिवसांनी काय होणार आहे ते त्याला दिसत नाही. ‘१४ तारखेला आम्ही आयटमचा साचा बनवतोय आणि मुद्दा ४ मधलं एकक नंतर बदलणं जड जाईल’ असं लिहिलं की तोच माणूस मुद्दा ४ उघडून बघतो. दुरुस्तीची तारीख नेहमी अशा कामाच्या आदल्या दिवसाची ठेवा, जे एकदा सुरू झालं की मागे फिरवायला खर्च येतो. असं काम १४ ला नसून २० ला असेल, तर उगीच १३ ची घाई करू नका. खोटी घाई क्लायंटच्या लगेच लक्षात येते आणि पुढच्या प्रत्येक तारखेला तो तसाच हाताळतो.

आता मिनिट्समध्ये काय लिहायचं. दोन तासांत कोण काय बोललं याचा वृत्तांत कोणी वाचत नाही. तीन कप्पे पुरतात: काय ठरलं, कोणी कधीपर्यंत काय द्यायचं, आणि काय ठरायचं राहिलं. मुद्द्यांना सलग क्रमांक द्या, कप्पा बदलला तरी क्रमांक पुढे चालू ठेवा. म्हणजे मालक फोनवर ‘ते सात नंबरचं बरोबर नाही’ एवढंच म्हणाले तरी तुम्हाला कळतं. तिसरा कप्पा लोक गाळतात, कारण काही राहिलंय हे क्लायंटला दाखवायला संकोच वाटतो. पण वाद होतो तो बहुतेकदा याच कप्प्यातल्या गोष्टींवरून.

तुमच्या कामात दोन मुद्दे असे निघतील असा माझा अंदाज आहे, म्हणून त्यांच्यावरच जरा थांबतो.

पहिला, मोजमापाचं एकक. बोल्टच्या धंद्यात सळई किंवा वायर रॉड किलोने येतो, बोल्ट नगावर विकले जातात, आणि मधे स्टोअरमध्ये मोजणी बहुधा काट्यावरच होते. बैठकीत काका म्हणाले असतील, ‘आम्ही नगातच धरतो’, आणि तुमच्या वहीत ‘स्टॉक नगात’ एवढंच उतरलं असेल. ते तसंच मिनिट्समध्ये घालू नका. ‘तयार मालाचा स्टॉक नगात. वजनावरून नग काढण्यासाठी प्रत्येक आयटमचं एका नगाचं वजन स्टोअर देईल’ असं लिहा. आकड्यात बघा: एका बोल्टचं वजन १५ ग्रॅम धरलं तर ३० किलोचं पोतं म्हणजे २,००० नग. प्लेटिंगनंतर, म्हणजे बोल्टवर धातूचा मुलामा चढल्यावर, तेच वजन १५.३ ग्रॅम झालं आणि सिस्टीममध्ये १५ च राहिलं, तर त्याच ३० किलोत खरे नग सुमारे १,९६० असतात आणि सिस्टीम २,००० दाखवते. एका पोत्यामागे चाळीसेक बोल्ट नुसते कागदावरच. म्हणून ‘वजन प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं’ हा प्रश्न तिसऱ्या कप्प्यात जायला हवा. एकदा व्यवहार नोंदले गेले की बहुतेक स्टॉक सिस्टीम आयटमचं मूळ एकक बदलू देत नाहीत. मग नवा आयटम कोड काढून शिल्लक तिकडे वळवावी लागते. १४ तारखेला महत्त्व आहे ते यामुळेच.

दुसरा मुद्दा जॉबवर्कचा. माल प्लेटिंगला बाहेर जातो, चलन निघतं, माल परत येतो. मालक बोलता बोलता म्हणतात, ‘जॉबवर्कचं सगळं यातच आलं पाहिजे’, आणि टेबलाभोवती सगळे माना डोलावतात. हे वाक्य मिनिट्समध्ये ‘जॉबवर्क समाविष्ट’ असं गेलं की ‘सगळं’ या शब्दाचा अर्थ सहा महिन्यांनी अकाउंट्सच्या मॅडम लावणार. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं आयटीसी-०४ हे विवरण भरावं लागतं, शिवाय कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, म्हणजे कोणत्या चलनाचा माल अजून बाहेर आहे याची यादी लागते. यातलं तुमच्या कोटेशनमध्ये काय आहे आणि काय नाही, ते आजच काढून बघा. चलन छापणं आहे आणि आयटीसी-०४ चा रिपोर्ट नाही असं असेल, तर तेवढंच स्पष्ट लिहा. ‘कोटेशनच्या पलीकडे असल्याने शक्य नाही’ अशी कडवट भाषा नको. मालकांना नकार द्यायचा नाहीये, ही गोष्ट अजून ठरलेली नाही एवढंच नोंदवायचंय.

पाठवण्याआधी दोन गोष्टी करा. मसुदा बैठकीत असलेल्या तुमच्याच एका सहकाऱ्याला वाचायला द्या, कारण तुम्ही बोलत असताना जे निसटलं ते त्याने ऐकलेलं असतं. आणि आयटीसी-०४ च्या मुद्द्याबद्दल मॅडमना आधी फोन करा: ‘मॅडम, मुद्दा ९ असा लिहितेय, मेल येईल तेव्हा बघा.’ मालकांसमोर लेखी स्वरूपात पहिल्यांदाच आलेली अडचण मॅडमना स्वतःवरचा ठपका वाटते. फोनवर आधी कळलेली तीच गोष्ट नुसता एक मुद्दा असते.

मेल ‘प्रति’मध्ये एकाच व्यक्तीला, म्हणजे मॅडमना जावा. मालक आणि स्टोअर सीसीमध्ये. तिघांना ‘प्रति’मध्ये घातलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. ‘दुरुस्त्या आपल्यामार्फत एकत्र याव्यात’ असं मॅडमना स्पष्ट सांगा, नाहीतर काका एक सांगतील, मालक दुसरं, आणि त्या दोघांत निवाडा करायचं काम तुमच्यावर येईल. बीसीसी अजिबात नको. कधीतरी कोणीतरी ‘रिप्लाय ऑल’ करतोच.

बैठकीतलं सगळं नुसतं अटॅचमेंटमध्ये ठेवू नका. मालक मेल मोबाईलवर बघतात आणि फाइल उघडत नाहीत. ज्यावर दुरुस्ती यायलाच हवी ते तीन-चार मुद्दे मेलमध्येच लिहा, पूर्ण नोंद वर्ड फाइलमध्ये जोडा. वर्ड यासाठी की मॅडमना त्यातच खूण करता येईल. पीडीएफ अंतिम झाल्यावर. फाइलच्या नावात तारीख आणि ‘मसुदा’ हा शब्द असू द्या.

मी लिहिला असता तो मेल साधारण असा:

विषय: किकऑफ बैठक ७ जुलै, नोंदी (मसुदा): दुरुस्त्या सोमवार १३ जुलै, सायं. ५ पर्यंत

नमस्कार मॅडम,

काल आपण तिघांनी वेळ दिलात त्याबद्दल आभार. बैठकीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. एकूण ११ मुद्दे आहेत. त्यांपैकी खालचे चार आपण आवर्जून तपासावेत, कारण १४ जुलैचं आमचं काम त्यांच्यावर अवलंबून आहे.

मुद्दा ४ (ठरलं): तयार मालाचा स्टॉक नगात. वजनावरून नग काढण्यासाठी प्रत्येक आयटमचं एका नगाचं वजन वापरणार.

मुद्दा ६ (आपल्याकडून): आयटमची यादी, नगाच्या वजनासह, स्टोअरकडून सोमवार २० जुलैपर्यंत. कोरा साचा आम्ही १४ जुलैला पाठवू.

मुद्दा ८ (ठरायचं आहे): नगाचं वजन प्लेटिंगआधीचं धरायचं की नंतरचं. निर्णय स्टोअरकडून अपेक्षित.

मुद्दा ९ (ठरायचं आहे): जॉबवर्कचं चलन आणि बाहेर असलेल्या मालाची यादी सध्याच्या कामात आहे. आयटीसी-०४ साठीचा रिपोर्ट सध्याच्या कामात नाही. हवा असल्यास त्याचा वेळ आणि खर्च वेगळा कळवू.

काही चुकलं किंवा राहिलं असेल तर मुद्दा क्रमांक लिहून सोमवार, १३ जुलै, सायं. ५ पर्यंत कळवावं. स्टोअर आणि साहेबांच्या दुरुस्त्याही आपल्यामार्फत एकत्र आल्यास सोयीचं होईल. सर्व बरोबर असल्यास ‘नोंदी बरोबर आहेत’ एवढं एका ओळीत कळवलं तरी पुरेसं आहे.

१४ जुलैला मुद्दा ४ प्रमाणे साचा तयार करायला घेऊ. त्यानंतर एकक बदलायचं झाल्यास भरलेली यादी पुन्हा करावी लागेल, म्हणून हा मुद्दा आधी पाहावा ही विनंती.

आपली,
(नाव, मोबाईल)

यात ‘उत्तर न आल्यास सर्व मान्य आहे असे समजू’ हे वाक्य मुद्दाम घातलेलं नाही. तुमचा दुसरा प्रश्न त्याचाच आहे.

ते वाक्य बऱ्याच कंपन्यांच्या साच्यात असतं आणि ते लिहिण्यात गुन्हा काही नाही. पण त्यावर भिस्त ठेवू नका. इंग्लंडमध्ये १८६२ साली एक खटला झाला होता, फेल्टहाउस विरुद्ध बिंडली. काकाने पुतण्याला पत्र लिहिलं की तुझ्याकडून काही कळलं नाही तर तो घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असं मी धरतो. पुतण्याने उत्तर दिलं नाही, पुढे चुकून घोडा लिलावात विकला गेला, आणि कोर्ट म्हणालं की गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही स्वीकार समोरच्याला कळवला जावा हीच अपेक्षा आहे. तेव्हा एकतर्फी ‘समजू’ लिहून क्लायंटवर काही बांधील होईल असं धरू नका. मूळ करारातच ‘मिनिट्सवर अमुक दिवसांत हरकत न आल्यास त्या मान्य’ असं दोघांनी सही करून ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी, मग त्या कलमाचा उल्लेख मेलमध्ये करा. नसेल तर वर लिहिलंय तसं ‘आम्ही १४ ला अमुक करायला घेऊ’ असं सांगा. ते तुमच्या स्वतःच्या कृतीबद्दलचं विधान आहे, ते खरंही आहे, आणि त्यांना थांबवायची संधीही देतं. पुढे त्यांनी तोच साचा नगाचं वजन भरून परत पाठवला, तर ते वागणं कुठल्याही मौनापेक्षा जड पुरावा आहे.

मिनिट्सनी कोटेशन किंवा करार बदलत नाही, हेही मनात पक्कं असू द्या. करारात बहुधा ‘बदल लेखी आणि दोघांच्या सहीने’ असं असतं. बैठकीत कामाची व्याप्ती वाढली असेल तर मिनिट्समध्ये तेवढी नोंद करा आणि बदलाचा वेगळा कागद काढा.

आता सोमवारपर्यंत काय काय येऊ शकतं ते बघू.

समजा मॅडमचा मेल आला: ‘मुद्दा ४ चुकीचा. आमचा कच्चा माल किलोत असतो.’ ही खरी दुरुस्ती आहे. तुमचं वाक्य तयार मालाबद्दल होतं, पण कच्च्या मालाचं एकक कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांना ते सगळ्या स्टॉकला लागू वाटलं. मुद्दा ४ मध्ये ‘कच्चा माल किलोत, तयार माल नगात’ असं करा आणि प्लेटिंगला गेलेला माल कोणत्या एककात दाखवायचा हे त्याच उत्तरात विचारून घ्या, कारण आता तो मधे लोंबकळतोय.

समजा दुसरा मेल मालकांकडून: ‘आयटीसी-०४ पण ठरलं होतं.’ इथे घाईने ‘नाही सर, तसं ठरलं नव्हतं’ असं लिहू नका, आणि घाबरून मुद्दा ९ बदलूही नका. ध चा मा झाला की नंतर कोणीच त्या कागदावर विश्वास ठेवत नाही. आधी फोन करा. मग त्याच मेलच्या उत्तरात लिहा: ‘आयटीसी-०४ चा रिपोर्ट हवा असल्याचं आपण ९ जुलैला कळवलं. मुद्दा ९ बैठकीत झाला तसा ठेवून त्याखाली ही नोंद तारखेसह जोडली आहे. वेळ आणि खर्चाचा अंदाज शुक्रवारपर्यंत पाठवते.’ बैठकीत काय बोलणं झालं ते एका जागी राहतं, नंतर काय मागितलं ते तारखेसह दुसऱ्या जागी. बैठकीनंतर बदललेलं मत बैठकीच्या नोंदीत मागे जाऊन घुसवायचं नाही, हा नियम तुमच्या बाजूच्या लोकांनाही लावा. तुमच्या सरांनीही ‘तेवढं काढून टाक’ म्हटलं तर त्यांनाही हेच सांगा.

काका मेल करणार नाहीत. ते फोन करतील किंवा व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवतील. चालेल. फक्त फोन ठेवल्या ठेवल्या त्याच मेलवर दोन ओळी लिहा: ‘आज सकाळी स्टोअरकडून फोनवर कळल्याप्रमाणे मुद्दा ८: वजन प्लेटिंगनंतरचं धरायचं. मॅडम, तसं नोंदवलं आहे, फरक असल्यास कळवावं.’ अंगठा नक्की कशाला होता हे दोन महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही, मुद्द्याचा क्रमांक मात्र सांगता येतो.

आणि काहीच आलं नाही तर सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास एकच आठवण पाठवा. अख्खा मेल पुन्हा चिकटवू नका. ‘मॅडम, मुद्दा ४ आणि ८ एवढेच बघितलेत तरी आमचं उद्याचं काम अडणार नाही’ असं लिहा आणि दुपारी फोन करा. अकरातल्या नऊ मुद्द्यांवर गप्प राहिलेला माणूस दोन मुद्द्यांवर सहज बोलतो. तरीही उत्तर नाही, तर १४ ला साचा पाठवताना मेलमध्येच लिहा की तयार मालाचं एकक नग धरलं आहे, आणि मुद्दा ८ चा निर्णय न आल्याने वजनाचा रकाना रिकामा ठेवला आहे. न ठरलेली गोष्ट तुम्ही परस्पर ठरवून टाकायची नाही.

दुरुस्त्या आल्या की मंगळवारी अंतिम नोंदी पीडीएफ करून पाठवा. मेलमध्ये कोणते मुद्दे बदलले ते क्रमांकाने सांगा: ‘मुद्दा ४ बदलला, ८ वर निर्णय आला, ९ खाली नोंद जोडली, बाकी मसुद्याप्रमाणे.’ न सांगता बदललेलं एक वाक्य नंतर सापडलं, तर उरलेल्या सगळ्यांवर संशय येतो. मसुद्याची फाइल पुसू नका.

१३ नंतर आलेली दुरुस्ती नाकारायची नसते. तारीख उलटली म्हणून चुकीची नोंद बरोबर होत नाही. समजा २२ जुलैला, यादी भरून आल्यावर, मॅडम म्हणाल्या की काही वॉशर किलोने विकतो, ते नगात नको. दुरुस्ती घ्या, नोंदीला तारखेसह जोडा, आणि किती आयटमचं एकक बदलावं लागेल, त्याला किती दिवस लागतील आणि त्याने पुढची कोणती तारीख हलते, ते त्याच मेलमध्ये सांगा. व्यवहार अजून सुरू झालेले नसतील तर हे काम यादीत काही ओळी बदलण्याचं आहे, आणि त्याचे पैसे मागू नका.